तेरीज जुळली, पण महेशचं खातं चुकलं

रविवारी रात्री साडेनऊला भाचीचा व्हॉट्सॲपवर फोटो आला आणि खाली एकच ओळ, "मावशी तेरीज ६,००० ने जुळत नाहीये, उद्या सबमिशन आहे". भाची अकरावी कॉमर्सला, मराठी मीडियम, आणि मी दिवसभर टॅलीवर बसणारी बाई, त्यामुळे घरात कुणाचंही डेबिट क्रेडिट अडलं की फोटो माझ्याकडेच येतो. एकूण तीन फोटो होते. पहिला क्लासच्या झेरॉक्सचा, त्यात प्रश्न होता, सरांनी हातानेच लिहिलेला. बाकीचे दोन तिच्या वहीचे, एकात जर्नल आणि दुसऱ्यात लेजर आणि तेरीज. झेरॉक्सचा कागद वहीत घालून वही नीट न उघडताच फोटो काढलेला, त्यामुळे उजवीकडची कड घडीत गेली होती आणि तिथे काळी सावली पडली होती, आणि खालचा भाग तर फोटोत आलाच नव्हता. हे सगळं मला तेव्हा जाणवलं नाही, नंतर महागात पडलं, म्हणून आधीच सांगून ठेवते.

गणित तसं साधंच होतं. जर्नल लिहा, लेजर करा, ३० एप्रिलची तेरीज काढा, म्हणजे सगळ्या खात्यांच्या नावे आणि जमा, डेबिट आणि क्रेडिट, शिल्लका मांडून दोन्ही बेरजा सारख्या येतात का ते बघा. व्यवहार असे:

१ एप्रिल, रोख ८०,००० आणि फर्निचर २०,००० आणून धंदा सुरू केला.
३ एप्रिल, महेशकडून ४०,००० चा माल १०% व्यापारी सूट धरून उधारीवर घेतला.
६ एप्रिल, खराब निघालेला ४,५०० रुपयांचा माल महेश... आणि इथे सावली, पुढच्या ओळीवर "परत केला".
९ एप्रिल, अंजलीला ३०,००० चा माल उधार विकला.
१२ एप्रिल, अंजलीकडून २९,४०० रोख घेऊन तिचा पूर्ण हिशेब मिटवला.
१५ एप्रिल, महेशला २०,००० रोख दिले.
१८ एप्रिल, घरखर्चाला ३,००० रोख काढले.
२४ एप्रिल, दुकानाचं भाडं ५,००० रोख दिलं.
३० एप्रिल, कमिशन रोख मिळालं, रक्कम भाचीने जर्नलमध्ये १०० धरलेली.

तिच्या तेरजेत नावे बाजू १,४७,६०० आणि जमा बाजू १,५३,६००. फरक ६,०००.

आता मी पहिल्यांदा काय करते तर ६,००० हाच आकडा गणितात कुठे आहे का ते बघते, कारण एखादी रक्कम एकाच बाजूला चढवली आणि दुसऱ्या बाजूला चढवायची राहून गेली तर फरक नेमका तेवढाच येतो. इथे ६,००० कुठेच नव्हता. मग ९ ने भागून बघते, २९,४०० च्या जागी २४,९०० असे आकडे उलटसुलट झाले किंवा ३६,००० चे ३,६०० झाले की फरकाला ९ ने पूर्ण भाग जातो, पण ६,००० ला जात नाही, म्हणजे एकट्या अशा चुकीचा प्रश्न मिटला. मग अर्धा करायचा. ६,००० चे अर्धे ३,०००, आणि ३,००० ची एकच नोंद होती, घरखर्चाची उचल.

अर्धं का करायचं हे भाचीला माहीत नव्हतं, क्लासमध्ये नुसतं "अर्धं करून बघा" एवढंच सांगितलेलं. अगं, जो ३,००० डावीकडे असायला हवा होता तो तू उजवीकडे टाकलास, म्हणजे डावी बाजू ३,००० ने कमी झाली आणि उजवी ३,००० ने जास्त, मग दोघींमधलं अंतर दुप्पटच होणार ना. तिने लेजरचं पान उघडलं आणि उचल खात्यात खरंच जमा बाजूला लिहिलेलं होतं "रोख खाते ३,०००".

इथे मी जरा थांबले, कारण तिचं जर्नल बरोबर होतं. उचल खाते नावे, रोख खाते जमा, बद्दल घरखर्चासाठी रोख काढली. मग लेजरमध्ये का उलटलं? विचारलं तर म्हणाली, "रोख गेली ना, गेलं ते जमा, म्हणून जमा बाजूला लिहिलं". आणि ही चूक मी निदान वीस मुलांच्या वहीत बघितली आहे. लेजरमध्ये प्रत्येक खात्यात समोरच्या खात्याचं नाव लिहायचं असतं, म्हणजे उचल खात्यात "रोख खाते" असं लिहायचं, आणि मुलं बाजू ठरवताना त्या लिहिलेल्या नावाकडे बघतात. रोख जमा झालीये ना, मग जमा बाजू. पण बाजू ठरते ती ज्या खात्याचं पान उघडलंय त्याच्यावरून, आत लिहिलेलं नाव हे फक्त एवढंच सांगतं की या नोंदीचा दुसरा पाय कुठे आहे. मी तिला म्हटलं, पानावरचं वरचं नाव मोठ्याने वाच, मग जर्नलमध्ये ते नाव कुठल्या बाजूला आहे ते बघ, बाजू पक्की कर, आणि त्यानंतरच आत काय लिहायचं ते बघ. आत काय लिहायचं हे आधी मनात आलं की बाजू हमखास चुकते.

रोख खात्यात मात्र तिने ३,००० जमा बाजूलाच टाकले होते, ते बरोबर. दोन्ही पाय एकाच बाजूला पडले, म्हणून तेरीज ओरडली.

जाता जाता एक सांगते, या "जमा" शब्दानेही मुलांचा गोंधळ उडतो. घरात आपण म्हणतो पगार खात्यात जमा झाला, मोबाईलवर बँकेचा मेसेज येतो क्रेडिट झाल्याचा, म्हणजे डोक्यात जमा म्हणजे पैसे आले असं बसतं. पण तो मेसेज बँकेच्या वहीतला आहे, बँक आपलं देणं लागते म्हणून तिच्या वहीत आपण जमा बाजूला. आपल्या वहीत तेच बँक खातं नावे होतं. त्यापेक्षा वाण्याची भाषा चांगली, "माझ्या नावावर मांडा" म्हटलं की तो वहीत आपल्या नावे टाकतो आणि आपण त्याचे देणेकरी होतो, अगदी पुस्तकातल्यासारखं. गंमत म्हणजे आमच्या आजोबांच्या दुकानातल्या लाल वहीत जमा डावीकडे आणि नावे उजवीकडे असायचं, देशी पद्धतीत तसंच असतं, पुस्तकाच्या बरोबर उलट. म्हणून मी कुणालाही "डावं उजवं" असं पाठ करायला सांगत नाही, नावे आणि जमा असंच म्हणायला लावते.

असो. तिने उचल दुरुस्त केली, नावे १,५०,६००, जमा १,५०,६००. तिचा मेसेज आला, "जुळली, थँक्यू मावशी" आणि नाचणारी बाई. मीही फोन ठेवणार होते.

पण सवयीने तेरजेत महेशवर नजर गेली. महेश जमा २०,५००. आणि खटकलं. महेशकडून माल घेतला ४०,००० चा, १०% व्यापारी सूट गेली की ३६,००० (ही सूट पुस्तकात कुठेच दिसत नाही, बिलावरच वजा होते, ते तिने बरोबर केलेलं). त्याला आपण रोख दिले २०,०००. नुसतं एवढंच असतं तरी त्याचं देणं १६,००० राहिलं असतं, आणि मधे ४,५०० चा माल परत गेलाय म्हणजे ते अजून कमी व्हायला हवं. मग २०,५०० कुठून आले, वाढले कसे?

तिच्या वहीतलं महेशचं खातं असं होतं. जमा बाजूला, ३ एप्रिल खरेदी खाते ३६,०००, आणि त्याखाली ६ एप्रिल विक्री परत खाते ४,५००. नावे बाजूला, १५ एप्रिल रोख खाते २०,०००, आणि शिल्लक पुढे नेली २०,५००. दोन्ही बाजूंची बेरीज ४०,५००, छान जुळलेली. खातं दिसायला एकदम नीट. चूक होती ती विक्री परत या दोन शब्दांत.

मी तिला फोन लावला. म्हटलं, ६ तारखेचं वाक्य वाच मला. तिने वाचलं, "खराब निघालेला ४,५०० रुपयांचा माल महेशने परत केला". मी म्हटलं फोटोत तर "महेश" च्या पुढे सावली आहे, तुला "ने" कुठे दिसला? मग खरं बाहेर आलं, झेरॉक्स मैत्रिणीकडे होतं, हिच्याकडेही तोच फोटो, आणि घडीत गेलेलं अक्षर हिने मनाने भरलं होतं. "परत केला" च्या आधी "ने" येणार असं वाटलं म्हणाली.

आणि इथे सगळा खेळ एका अक्षराचा आहे. महेशने माल परत केला म्हणजे त्याने आपल्याला परत दिला, विक्री परत खाते नावे, महेश जमा. महेशला माल परत केला म्हणजे आपण त्याला परत दिला, महेश नावे, खरेदी परत खाते जमा. मराठीत कर्ता नेहमी लिहिलेला असतोच असं नाही, "परत केला" म्हटलं की कुणी केला ते "ने" सांगतो, आणि "ने" नसेल आणि "ला" असेल तर करणारे आपणच. "कडून" असेल तर समोरून आलं. पैशाच्या बाबतीतही तेच, अंजलीला रोख दिले आणि अंजलीने रोख दिले, दोन अक्षरांत जर्नल उलटं. मी तर मुलांना पेपर हातात आल्यावर आधी पेन्सिलीने प्रत्येक नावापुढचं ला, ने, कडून यांनाच गोल करायला सांगते, रकमेला नंतर.

आता सावलीखाली काय आहे हे न बघता ठरवता येतं का? या गणितात येतं. महेशला आपण काही विकलंच नाहीये, मग तो आपल्याला काय परत करणार? त्याच्याशी मालाचा आपला एकच व्यवहार झालाय, आपण त्याच्याकडून घेतलंय, त्यामुळे परत जाणारा माल आपल्याकडूनच जाणार. शिवाय "खराब निघालेला" हा शब्दही घेणाऱ्याच्या तोंडचा आहे. म्हणजे "ला" च. पण हे नेहमी चालेल असं समजू नका हं. गणितात महेशकडून खरेदीही असती आणि महेशला विक्रीही असती, आणि खऱ्या बाजारात असे भरपूर जण असतात जे घेतातही आणि देतातही, तर दोन्ही वाचन शक्य झाली असती आणि मग अंदाज बांधण्यापेक्षा मूळ कागद मागवणं हाच उपाय होता. मी तरीही मागवलाच. मैत्रिणीला सांगून कागद वहीतून बाहेर काढून, टेबलावर सपाट ठेवून, वरून सरळ, चारही कोपरे दिसतील असा फोटो घ्यायला लावला, लाईट बाजूने येईल असा म्हणजे मोबाईलची सावली पडणार नाही.

तेवढ्यात वही दुरुस्त करायला घेतली. वहीत खोडून नवीन लिहिता येतं, पण मी तिला विचारलं, समज ही दुकानाची खरी पुस्तकं आहेत आणि खोडता येत नाही, तर एका नोंदीत कसं सुधारशील? बराच वेळ शांतता. मग म्हणाली महेश नावे ४,५००. अर्धंच आलं. बघ, तू त्याला ४,५०० जमा दिलेस, ते चुकीचे, ते मागे घ्यायला ४,५०० नावे, आणि मुळात तो ४,५०० नावे व्हायला हवा होता, त्याचे अजून ४,५००. म्हणजे महेश नावे ९,०००. समोर विक्री परत खाते जमा ४,५००, कारण ते उगाच नावे केलं होतं ते बंद झालं, आणि खरेदी परत खाते जमा ४,५००, जे कधी लिहिलंच नव्हतं ते आलं. आता महेशची शिल्लक २०,५०० वजा ९,०००, म्हणजे ११,५००. आणि सरळ मोजून बघ, ३६,००० तून ४,५०० गेले, २०,००० गेले, ११,५००. दोन वाटांनी एकच आकडा आला की मला बरं वाटतं.

उलटी बाजू पडली की फरक दुप्पट होतो हे इथेही आलं, फक्त या वेळी तेरजेत दिसलं नाही, एका माणसाच्या खात्यात दिसलं. कारण तिने नोंदीचे दोन्ही पाय सुसंगतपणे चुकीचे टाकले होते, एक नावे एक जमा, रक्कम सारखी, मग तेरीज कशाला तक्रार करेल. तिला फक्त दोन बेरजा सारख्या आहेत का एवढंच कळतं.

हे होईपर्यंत नवीन फोटो आला, एकदम स्वच्छ. "महेशला" स्पष्ट होतं. आणि पहिल्या फोटोत कापला गेलेला तळही आला, तिथे सरांनी बारीक अक्षरात उत्तर लिहून ठेवलेलं, तेरीज १,४६,९००.

भाचीची दुरुस्तीनंतरची तेरीज १,४६,१००. म्हणजे अजून ८०० चा घोळ. (आधीच्या १,५०,६०० शी ताडून बघितलं असतं तर फरक ३,७०० आला असता, आणि ३,७०० हा आकडा कुठेच नाही, अर्धा केला तरी नाही, ९ नेही जात नाही, कारण तो दोन चुकांची खिचडी होता, एकीने बेरीज ४,५०० ने फुगवली आणि दुसरीने ८०० ने घटवली. म्हणून एक चूक सापडली की ती लगेच दुरुस्त करून नवीन फरक काढायचा, जुन्या फरकाच्या मागे पळत बसायचं नाही.)

आता ८०० कसे शोधायचे? भाची परत पहिल्यापासून सगळं तपासायला बसली, नऊच्या नऊ नोंदी. मी म्हटलं थांब, आधी कुठल्या नोंदी तेरजेची बेरीज हलवूच शकत नाहीत ते बाजूला काढू. भाडं घे. समज भाडं चुकून ९,००० लिहिलंस. भाडं खातं ४,००० ने वाढेल, रोख ४,००० ने कमी होईल, आणि दोन्ही तेरजेच्या नावे बाजूलाच बसतात, मग बेरीज आहे तिथेच राहील. उचलीचंही तसंच. अंजलीच्या वसुलीचंही तसंच, तिथे रोख, दिलेली सूट आणि अंजली तिन्ही नावे शिल्लकवाली, आणि २९,४०० आणि ६०० मिळून ३०,००० बरोबर बसतात, तिचं खातं पूर्ण बंद होतं. परत मालाचंही तसंच, तिथे महेश आणि खरेदी परत दोन्ही तेरजेच्या जमा बाजूलाच बसतात. बेरीज हलते ती फक्त तेव्हा जेव्हा नोंदीचा एक पाय नावे शिल्लकवाल्या खात्यात आणि दुसरा जमा शिल्लकवाल्या खात्यात असतो. तशा उरल्या पाच, भांडवल, खरेदी, विक्री, महेशला दिलेली रोख आणि कमिशन.

त्यात भांडवलात ८०० चा फरक पडेल असे आकडेच नाहीत, विक्री आणि महेशच्या दोन्ही रकमा नव्या फोटोत ठळक होत्या. राहिलं कमिशन. आणि नव्या फोटोत झूम केलं तर १०० नव्हतंच ते, ९०० होतं. देवनागरीत हाताने लिहिलेले १ आणि ९ नुसते वाकण्याच्या दिशेने वेगळे असतात, सरांचा ९ घाईतला, आणि झेरॉक्सने त्याचं डोकं पुसट केलेलं, तिरक्या फोटोत तर १ च वाटत होता. ९ आणि १ मधला फरक ८, शेकड्याच्या घरात म्हणून ८००. रोख खाते नावे ८००, कमिशन खाते जमा ८००, आणि तेरीज १,४६,९००.

मी सगळी तेरीज परत वाचून दाखवायला लावली. नावे बाजू, रोख ८२,३००, फर्निचर २०,०००, खरेदी ३६,०००, दिलेली सूट ६००, उचल ३,०००, भाडं ५,०००. जमा बाजू, भांडवल १,००,०००, महेश ११,५००, खरेदी परत ४,५००, विक्री ३०,०००, मिळालेलं कमिशन ९००. यात अंजली कुठेच नाही, आणि ते बरोबर आहे, तिच्या खात्यात शिल्लकच उरली नाही. भाचीला तेही विचित्र वाटलं, "खातं उघडलंय मग तेरजेत का नाही". तेरजेत शिल्लक जाते, माणूस जात नाही.

सरांचं उत्तर होतं म्हणून कमिशन सापडलं हेही खरं. उत्तर नसतं तर १०० हीच रक्कम धरून तिने वही दिली असती, आणि तेरीज जुळलेलीच असती. त्यातही क्लासच्या झेरॉक्सवरची उत्तरं चुकलेली असतात, मी बघितली आहेत, त्यामुळे उत्तराशी जुळवायला म्हणून रक्कम बदलायची नाही, आधी कागदावर ९ दिसला पाहिजे आणि मगच वहीत ९०० लिहायचं. तिने उत्साहात आधी वहीत लिहून टाकलं आणि मग झूम केलं, त्यावरून बोलणी खाल्ली.

तिच्या वहीत अजून एक गोष्ट दिसली. जर्नलमधला खातेपान नंबरचा कॉलम वरपासून खालपर्यंत एकाच पेनाने, एकाच दमात भरलेला. म्हणजे लेजर झाल्यावर शेवटी शोभेसाठी भरला. तो कॉलम शोभेचा नाही ना. एक ओळ लेजरमध्ये चढवली की तिथे पान नंबर टाकायचा, मग दुसरी ओळ. मधेच आईने हाक मारली, उठून गेलीस, परत आलीस, तर नंबर नाही तिथून सुरुवात. आणि त्या वेळी बाजूही तिथेच ताडता येते, जर्नलमध्ये नावे आहे ना, मग ज्या पानाचा नंबर टाकतेय तिथे डाव्या बाजूला गेलंय ना. उचलीचा घोळ तिथेच पकडला गेला असता, साडेनऊला मला फोटो आला नसता.

"आणि मावशी", ती म्हणाली, "ते उचलीचं असं एका नोंदीत नाही का सुधारता येणार, महेशसारखं?" चांगला प्रश्न होता. नाही येत, कारण तिथे जर्नल बरोबरच आहे, चूक फक्त एका खात्याच्या एका बाजूची आहे, तिला समोर दुसरं खातंच नाही. तेरीज अडकून राहिली असती तर तो ६,००० चा फरक तात्पुरता सस्पेन्स खात्याच्या नावे टाकला असता, आणि चूक सापडल्यावर उचल नावे ६,०००, सस्पेन्स जमा ६,०००, की सस्पेन्स बंद. वहीत मात्र सरळ खोड आणि दुसऱ्या बाजूला लिही.

सव्वाअकराला वही पूर्ण झाली. मी दिवा बंद केला आणि परत फोन वाजला. "मावशी, तू म्हणालीस ना भाड्याची रक्कम चुकली तरी बेरजेला कळणार नाही. मग भाडं ५,००० च आहे हे कशावरून?"

खरंच होतं. उत्तराशी तेरीज जुळली होती, पण भाडं आणि उचल या दोन रकमांबद्दल ती जुळणी काहीच सांगत नव्हती. मी म्हटलं, कागदावरून, दुसरं काही नाही. झूम कर आणि बघ. दोन मिनिटांनी नुसता एक तुकडा आला, नव्या फोटोतला कापलेला, "भाडे रु. ५,०००", आणि त्याखाली "उचल ३,०००" चा दुसरा. पाचाचं पोट आणि शेपूट दोन्ही व्यवस्थित दिसत होतं.